अपेक्षित उत्तर ४.२३६, विद्यार्थ्याचे ४.२३७: टॉलरन्स किती ठेवायचा?

प्रश्न: सर, मी नागपुरातल्या एका तंत्रनिकेतनात हीट ट्रान्स्फर शिकवते. ऑनलाइन चाचणीत हीट एक्स्चेंजरचे क्षेत्रफळ काढायचे गणित दिले होते: तेल १२० वरून ६० अंशांवर येते, पाणी ३० वरून ५० वर जाते, काउंटर फ्लो, उष्णता १०० किलोवॅट, U = ५०० वॅट प्रति चौ. मी. केल्व्हिन. अपेक्षित उत्तर ४.२३६ भरले. ४.२३७ लिहिणाऱ्याला शून्य, ४.२४ लिहिणाऱ्याला शून्य आणि `4.236 m2` लिहिणाऱ्यालाही शून्य मिळाले. मग टॉलरन्स ०.५ केला, तर सूत्र चुकवलेल्यांनाही पूर्ण गुण मिळाले. नेमका किती ठेवायचा, आणि एककाचे काय करायचे?

उत्तर: या गणिताला १ टक्का सापेक्ष टॉलरन्स ठेवा, म्हणजे ४.१९४ ते ४.२७९ या पट्ट्यातले प्रत्येक उत्तर बरोबर धरा. एकक मात्र उत्तराच्या चौकटीत लिहू न देता वेगळ्या चौकटीत मागा. पण हा १ टक्का पुढच्या गणिताला जसाच्या तसा लावू नका. तो याच आकड्यांतून निघालेला आहे, आणि तो कसा निघतो हे एकदा हाताने करून पाहिले की पुढच्या प्रत्येक प्रश्नाचा टॉलरन्स तुम्हाला स्वतः ठरवता येईल.

आधी ४.२३७ कुठून आले ते पाहू. दोन टोकांचे तापमान फरक ७० आणि ३० अंश आहेत, म्हणून त्यांची लॉगने काढलेली सरासरी, म्हणजे एलएमटीडी, आणि तिच्यावरून क्षेत्रफळ असे येते:

```
LMTD = (70 - 30) / ln(70/30) = 40 / 0.847298 = 47.2089
A    = 100000 / (500 × 47.2089) = 4.23649
```

ज्या विद्यार्थ्याने एलएमटीडी वहीत ४७.२ असा लिहून पुढचा भागाकार केला, त्याला ४.२३७२९ मिळाले आणि त्याने तीन दशांश स्थळांपर्यंत ४.२३७ लिहिले. त्याने काहीही चुकवलेले नाही. मधल्या पायरीवर सगळे जण जसे राउंडिंग करतात तसे त्याने केले, इतकेच. ज्याने लॉगची किंमत ०.८५ घेतली त्याचे उत्तर ४.२५ येते आणि ज्याने एलएमटीडी सरळ ४७ धरला त्याचे ४.२५५ येते. शेवटी नीट राउंडिंग करून ४.२४ किंवा ४.२ लिहिणारेही असणारच. रीत बरोबर असलेल्या उत्तरांचा हा सगळा पसारा ४.२ पासून ४.२५५ पर्यंत आहे, म्हणजे खऱ्या किमतीच्या खाली ०.९ टक्का आणि वर ०.४५ टक्का.

आता चुकीच्या रीतींची उत्तरे काढा, कारण टॉलरन्स ठरवताना त्यांची गरज बरोबर उत्तरांहून जास्त असते. लॉगऐवजी दोन फरकांची साधी सरासरी, म्हणजे ५० अंश, घेतली तर क्षेत्रफळ ४.०० येते. काउंटर फ्लोऐवजी पॅरलल फ्लोचे फरक, म्हणजे ९० आणि १०, घेतले तर एलएमटीडी ३६.४१ आणि क्षेत्रफळ ५.४९ येते. कॅल्क्युलेटरवर `ln` ऐवजी `log` दाबले तर १.८४ येते. किलोवॅटचे वॅट करायचे राहिले तर ०.००४२४ येते. यांपैकी सर्वांत जवळचे चुकीचे उत्तर ४.०० हे आहे, आणि ते खऱ्या किमतीपासून ५.६ टक्के दूर आहे. म्हणजे एका बाजूला ०.९ टक्का आणि दुसऱ्या बाजूला ५.६ टक्के. कुंपण या दोहोंच्या मधल्या मोकळ्या जागेत घालायचे, आणि मी ते नेहमी बरोबर उत्तरांच्या जवळ घालतो, कारण मला न सुचलेली एखादी चुकीची रीत मधल्या जागेत येऊन बसू शकते. म्हणून १ टक्का. तुमचा ०.५ चा टॉलरन्स ३.७४ पासून ४.७४ पर्यंत पसरला होता आणि साधी सरासरी घेणारे सगळे त्यात आरामात बसले.

जाता जाता एक गंमत सांगतो. लॉगची किंमत कोणी एकाच दशांश स्थळापर्यंत, म्हणजे ०.८ अशी घेतली, तर एलएमटीडी बरोबर ५० येतो आणि क्षेत्रफळ नेमके ४.००. अशा विद्यार्थ्याला यंत्र साध्या सरासरीवाल्यापासून वेगळे काढू शकत नाही. मला त्याचे वाईट वाटत नाही, कारण मधल्या पायरीवर एकच अंक ठेवणे हीसुद्धा चूकच आहे आणि ती वर्गात सांगितलेली असते.

तुमचे आकडे चांगले निघाले, म्हणून हे जमले. मी स्वतः ज्या गणिताने हात पोळून घेतला त्यात आकडे असे नव्हते. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयासाठी प्रश्नसंच तयार करताना मी गरम द्रव ९० वरून ६० वर आणि थंड द्रव ३० वरून ५० वर असे आकडे घेतले होते आणि फक्त एलएमटीडी विचारला होता. फरक ४० आणि ३०, उत्तर ३४.७६. टॉलरन्स मी सवयीने १ टक्का ठेवला. तोंडी परीक्षेत एका मुलाने अगदी निरागसपणे सांगितले की, "दोन फरकांची बेरीज करून दोनाने भागायचे", आणि चाचणीत तर त्याला पूर्ण गुण होते. साधी सरासरी ३५ येते, ती ३४.७६ पासून जेमतेम ०.७ टक्का दूर आहे, म्हणून ती पट्ट्यात बसली होती. मी घाईने टॉलरन्स अर्ध्या टक्क्यावर आणला. त्यासरशी ज्या मुलीने लॉगची किंमत ०.२८७७ ऐवजी ०.२९ घेतली होती आणि ३४.४८ लिहिले होते, तिचे गुण गेले, कारण तिचे उत्तर ०.८ टक्का दूर होते. म्हणजे बरोबर रीत वापरणारी मुलगी खऱ्या किमतीपासून जास्त लांब होती आणि चुकीची रीत वापरणारा मुलगा जास्त जवळ. या दोघांना वेगळे करणारा कोणताही टॉलरन्स अस्तित्वात नव्हता. बदलायचे होते ते प्रश्नातले आकडे.

साधी सरासरी आणि लॉगची सरासरी यांच्यातले अंतर दोन फरकांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. गुणोत्तर १.३३ असताना ते ०.७ टक्का असते, १.५ ला सुमारे १.४ टक्के, २ ला ४ टक्के आणि तुमच्या २.३३ ला ५.९ टक्के. (क्षेत्रफळात हेच अंतर ५.६ टक्के दिसते, कारण तिथे एलएमटीडी छेदात आहे.) म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याला यंत्राने वेगळे आकडे द्यायचे असतील, तर दोन फरकांपैकी मोठा हा लहानाच्या किमान दुप्पट असेल अशी अट आकडे तयार करतानाच घाला. अट नसेल तर काहींच्या वाट्याला असे आकडे येतात की चुकीची रीतही चालून जाते. एखाद्याच्या वाट्याला दोन्ही फरक सारखे आले, तर सूत्र शून्य भागिले शून्य होते आणि अपेक्षित उत्तरच तयार होत नाही. एकाच वर्गात एकाला सोपा आणि दुसऱ्याला अवघड प्रश्न मिळतो तो बऱ्याचदा असाच. आणि विनंती एकच, थंड पाण्याचे तापमान ३० अंश धरायचे असेल तर चाचणी मे महिन्यात घेऊ नका. त्या दिवसांत गच्चीवरच्या टाकीचा अनुभव घेऊन आलेली नागपूरची मुले हा आकडा वाचूनच हसतात.

सापेक्ष टॉलरन्स घ्यायचे कारणही याच्याशीच जोडलेले आहे. सगळ्यांना तेच आकडे असतील तर ०.०४२ हा निरपेक्ष टॉलरन्स आणि १ टक्का यांत फरक नाही. तुम्ही मूडलवर असाल, तर संख्यात्मक प्रश्नाच्या `Error` या रकान्यात निरपेक्ष आकडाच भरावा लागतो, तिथे `0.042` भरा. आकडे बदलते असतील तर मात्र कोणाचे उत्तर २ आणि कोणाचे ४० येईल. तिथे एकच निरपेक्ष आकडा एकाला ढिला आणि दुसऱ्याला घट्ट बसतो, म्हणून सापेक्षच हवा. अपवाद एकच लक्षात ठेवा: अपेक्षित उत्तर शून्य किंवा शून्याच्या अगदी जवळ असू शकत असेल, तर सापेक्ष पट्टा मिटून जातो आणि निरपेक्षाशिवाय गत्यंतर नसते.

आता राउंडिंगकडे येऊ. अनेक जण दोन्ही उत्तरे तीन दशांश स्थळांपर्यंत आणून ती तंतोतंत जुळतात का हे पाहतात. हे करू नका. तुमच्या बाबतीत झाले ते अगदी हेच आहे: खरी किंमत ४.२३६४९ ही ४.२३६५ या सीमेला इतकी चिकटून आहे की केसभर हलली तरी शेवटचा अंक बदलतो. शिवाय राउंडिंगची रीत प्रत्येक ठिकाणी सारखी नसते. एक्सेलमध्ये २.६७५ दोन स्थळांपर्यंत आणले तर २.६८ मिळते, पण पायथनमध्ये `round(2.675, 2)` हे `2.67` देते, कारण २.६७५ ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी साठवता येत नाही आणि साठवली जाते ती किंमत किंचित कमी असते. उत्तरसूची एक्सेलमध्ये केली आणि तपासणी पायथनने केली, तर असा वाद होणारच. अपेक्षित उत्तर पूर्ण अचूकतेने, म्हणजे सूत्रानेच काढून ठेवा, विद्यार्थ्याचे उत्तर त्याने लिहिले तसे घ्या, आणि दोहोंतला फरक पट्ट्यात बसतो का एवढेच पाहा.

```python
def within(x, expected, rel=0.01):
    band = rel * abs(expected)
    return abs(x - expected) <= band * (1 + 1e-9)
```

शेवटचा `1e-9` हा सीमेवरच्या उत्तरांसाठी आहे. अपेक्षित उत्तर १.०, टॉलरन्स ०.१ आणि विद्यार्थ्याचे उत्तर १.१ असेल, तर कागदावर ते बरोबर सीमेवर आहे, पण संगणकात `1.1 - 1.0` हे `0.10000000000000009` येते आणि विद्यार्थी बाहेर पडतो. तुमच्या आताच्या प्रश्नात सीमेवर कोणी येणार नाही, पण उत्तरे पूर्णांकांत असली की येतात.

या छोट्या फलनात तुलना "पट्ट्यात असेल तर बरोबर" अशी लिहिली आहे, "पट्ट्याबाहेर असेल तर चूक, नाहीतर बरोबर" अशी नाही. दोन्ही सारखेच वाटतात, पण तसे नाही. माझ्याच एका जुन्या स्क्रिप्टमध्ये दुसरी मांडणी होती. उत्तरे मी पांडाज वापरून फाइलमधून वाचत होतो आणि त्यात कोरी सोडलेली उत्तरे `NaN` होऊन येतात. `NaN` बरोबर केलेली प्रत्येक मोठे-लहानची तुलना असत्य ठरते, त्यामुळे "पट्ट्याबाहेर आहे का" याचे उत्तरही नाही असे आले, आणि कोऱ्या उत्तरांना पूर्ण गुण पडले. एका मुलाने स्वतःहून येऊन सांगितले म्हणून ते कळले.

सार्थ अंकांचे गुण वेगळे द्यायचे असतील, तर ते टॉलरन्समध्ये मिसळू नका. ४.२३६४८९३ लिहिणाऱ्याचे उत्तर चुकीचे नाही, ते फक्त अवाजवी अचूक आहे. त्यासाठी अर्धा गुण कापायचा असेल तर प्रश्नात "तीन सार्थ अंकांत लिहा" असे सांगा आणि अंक मोजताना विद्यार्थ्याने टाइप केलेला मूळ मजकूर घ्या. `4.20` चे एकदा संख्येत रूपांतर झाले की ते ४.२ होते आणि शेवटचे शून्य कायमचे हरवते.

आता एककाबद्दल. तुमच्या यंत्राने `4.236 m2` नाकारले, कारण त्याला ती संख्या वाटलीच नाही. चौकटीत मोकळे लिहू दिले तर चौरस मीटरसाठी `m2`, `m^2`, `m²`, `sq m`, `sq.m.`, `चौ.मी.` असे सगळे प्रकार येतात. युनिकोडच्या `NFKC` रीतीने `m²` चे `m2` करता येते, पण ती रीत संपूर्ण उत्तरावर चालवू नका, नाहीतर कोणी `10²` लिहिले असेल त्याचे `102` होईल. आकडेही नेहमी इंग्रजी अंकांत येतील असे नाही. पायथनचे `float` हे `४.२४` नीट वाचते, ब्राउझरमधली `Number("४.२४")` मात्र `NaN` देते, त्यामुळे तपासणी कुठे चालते यावर मराठीत अंक लिहिणाऱ्याचे नशीब ठरते. `1,00,000` मधले स्वल्पविराम तर `float` लाही चालत नाहीत. यासाठी माझा कल साधा आहे: संख्येची एक चौकट, शेजारी एककाची यादी, आणि त्या यादीत `m²`, `cm²`, `m`, `W` असे तीन-चार पर्याय. एकक निवडणे हा प्रश्नाचा भागच नसेल, तर यादीही नको. चौकटीपुढेच `m²` छापून टाका.

यादी दिलीत तर एकक बदलून लिहिलेले बरोबर उत्तर स्वीकारावे लागेल, आणि तिथे क्षेत्रफळाचा गुणक १०० नसून १०,००० आहे हे स्वतः तपासा. ४.२३६५ चौ. मी. म्हणजे ४२,३६५ चौ. सें.मी. तुलना नेहमी मूळ एककात आणूनच करावी. सापेक्ष टॉलरन्स असेल तर एकक बदलल्याने तो बदलत नाही. निरपेक्ष ०.०४२ मात्र चौ. सें.मी. मध्ये निरर्थक ठरतो.

क्षेत्रफळाच्या आधी एलएमटीडीही विचारणार असाल, तर याहून मोठा खड्डा तिथे आहे. एलएमटीडी हा तापमानातील फरक आहे, तापमान नव्हे. म्हणून ४७.२ अंश सेल्सिअस आणि ४७.२ केल्व्हिन ही दोन्ही उत्तरे सारखीच बरोबर आहेत. पण एकके बदलणाऱ्या साधनाला हे आपणहून कळत नाही. पायथनच्या पिंट या लायब्ररीत पाहा:

```python
import pint
ureg = pint.UnitRegistry()
q = ureg.Quantity(47.2, "kelvin")
q.to("degC")         # -225.95
q.to("delta_degC")   # 47.2
```

`degC` च्या ओळीने त्याला तापमान समजून २७३.१५ वजा केले, `delta_degC` च्या ओळीने फरक समजून तसाच ठेवला. `degC` ची ओळ वापरलीत तर केल्व्हिन लिहिणारा, म्हणजे बहुधा वर्गातला सर्वांत काटेकोर विद्यार्थी, शून्य गुण घेऊन बसतो. ज्या साधनांत एकक बदलायला फक्त एक गुणक भरता येतो तिथे केल्व्हिनसाठी गुणक १ भरला की काम भागते. मात्र त्याच साधनात खरे तापमान विचारायचे असेल, तर बेरीज-वजाबाकी करता येत नसल्याने दोनपैकी एकच एकक मान्य करावे लागते.

दोन भाग विचारले की आणखी एक निर्णय येतो: एलएमटीडी चुकला आणि त्या चुकीच्या किमतीवरून क्षेत्रफळ बरोबर काढले, तर काय? हाताने तपासताना आपण दुसऱ्या भागाचे गुण देतो. यंत्रातही द्यावेत, आणि ते अवघड नाही. दुसऱ्या भागाची अपेक्षित किंमत २०० भागिले विद्यार्थ्याने पहिल्या चौकटीत लिहिलेला आकडा अशी काढायची आणि १ टक्का तिच्याभोवती ठेवायचा. पहिली चौकट कोरी किंवा शून्य असेल तर मूळ ४.२३६५ वर परत या.

निकाल लावण्याआधी पंधरा मिनिटांचे एक काम जरूर करा. शून्य मिळालेली सगळी उत्तरे घ्या, प्रत्येकाला अपेक्षित किमतीने भागा आणि गुणोत्तरानुसार क्रम लावा. तुमच्या गणितात ०.९४ जवळ घोळका दिसला तर ती साधी सरासरी, १.३० जवळ दिसला तर पॅरलल फ्लो, ०.४३ जवळ दिसला तर `log` चे बटण, आणि ०.००१ जवळ दिसला तर किलोवॅट. १०,००० जवळचा घोळका म्हणजे चौ. सें.मी. मध्ये लिहून एकक निवडायला विसरलेली मुले. पण ०.९८ किंवा १.०२ जवळ घोळका दिसला, तर मुलांवर संशय घेण्याआधी आपण विचारात न घेतलेले एखादे बरोबर राउंडिंग तर नाही ना, हे दोन उत्तरपत्रिकांची कच्ची कामे मागवून पाहा. तसे निघाले तर पट्टा रुंद करून सगळ्यांची पुन्हा तपासणी चालवा. मूडलमध्ये त्यासाठी `Regrade` आहे. आताच्या चाचणीसाठीही हेच करता येईल: टॉलरन्स `0.042` करून पुन्हा तपासणी चालवा आणि `4.236 m2` सारखी मजकूर मिसळलेली उत्तरे तेवढी हाताने पाहा.